नारळाच्या दुधातली करी रात्रीत का आंबते?

प्रश्न : नारळाच्या दुधातली ओल्या काजूंची उसळ आणि आमसूल घातलेली तुरीची आमटी रात्री एकाच वेळी केली. दोन्ही ओट्यावर झाकून ठेवल्या. सकाळी आमटी ठीक होती, पण उसळीवर फेस होता आणि आंबूस वास येत होता. असं का झालं? (रत्नागिरी)

आमटीत सगळं घालून झाल्यावर ती दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळते. उसळीत नारळाचं घट्ट दूध अगदी शेवटी पडतं आणि लगेच गॅस बंद होतो. ‘दूध घातल्यावर उकळू देऊ नकोस, फुटेल’ हे कोकणातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात शिकवलं जातं. चवीसाठी ते बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ असा की शिजलेल्या उसळीत आपण शेवटी एक कच्चा पदार्थ मिसळतो.

अखंड नारळाच्या आतलं खोबरं जवळपास निर्जंतुक असतं. नारळ फोडला की पुढचा सगळा प्रवास उघड्यावर होतो: खवणी, मिक्सरचं भांडं, आपले हात, आणि शेवटी पिळायचं फडकं. मला सगळ्यात जास्त काळजी या फडक्याचीच वाटते. नुसतं पाण्यातून काढून वाळवलेल्या फडक्याच्या विणीत खोबऱ्याचा अंश राहतो आणि पुढच्या वेळी तोच विरजणासारखा काम करतो. वापरण्यापूर्वी फडकं पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा.

हे जंतू दुधात पोचले की त्यांना हवं ते सगळं तिथे असतं. पाणी भरपूर, थोडी साखर, थोडी प्रथिनं, आणि आंबटपणा जवळजवळ नाहीच. आंबटपणा सामूने मोजतात, सामू जितका कमी तितका आंबटपणा जास्त. नारळाच्या दुधाचा सामू सहाच्या आसपास असतो. आमसूल, चिंच किंवा टोमॅटो सामू खाली आणतात, तिथे बहुतेक जंतू सावकाश वाढतात. उबदार, आंबटपणा नसलेल्या रसात काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. रात्री दहा ते पहाटे चार या सहा तासांत ते अठरा वेळा दुप्पट झाले, तर एकाचे अडीच लाखांवर होतात. तुमची आमटी त्या रात्री टिकली, म्हणून ती रोज बाहेर ठेवावी असं मात्र नाही.

उपाय दूध घालण्याच्या पद्धतीत आहे. दुसरं, पातळ दूध उसळीबरोबरच नीट उकळू द्या. घट्ट दुधात चमचाभर तांदळाची पिठी कालवा, ते मंद आचेवर घाला आणि झाकण न ठेवता सतत ढवळत दोन-तीन मिनिटं बारीक बुडबुडे येऊ द्या. पिठीमुळे दूध सहसा फुटत नाही आणि कच्चेपणा जातो.

प्रश्न : मी झोपण्यापूर्वी चिकनची करी पुन्हा खळखळून उकळते आणि झाकून ठेवते. तरीही सकाळी डावातून तार सुटत होती. (ठाणे)

उकळीने बहुतेक जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू कठीण कवचात तग धरतात. करी कोमट झाली की ते जागे होतात, आणि आता त्यांना स्पर्धकही उरलेले नसतात. त्यामुळे खरा प्रश्न करी किती वेळ कोमट राहते हा आहे. साठ अंशांच्या वर जंतू वाढत नाहीत, पाच अंशांच्या खाली फार सावकाश वाढतात. झाकलेलं खोल पातेलं या दोन्हींच्या मध्ये अख्खी रात्र काढतं. दाट रस आतून ढवळला जात नाही आणि वर आलेला तेलाचा तवंग वाफ अडवतो, म्हणून पातळ वरणापेक्षा ही करी सावकाश निवते.

जेवणं झाली की उरलेली करी पसरट भांड्यात काढा, थर दोन बोटं उंचीचाच असू द्या. भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून मधूनमधून ढवळा, पाणी कोमट झालं की बदला. अर्ध्या तासात करी फ्रीजमध्ये ठेवण्याजोगी होते. शिजल्यापासून फ्रीजपर्यंत दोन तासांच्या आत पोचायला हवी.

तार सुटलेली करी टाकून द्या.

प्रश्न : वास किंचितच आंबूस असेल तर पुन्हा उकळून खाल्ली तर चालेल ना? टाकवत नाही हो. (डोंबिवली)

नाही. काही जंतू वाढताना रसात विष सोडतात. उकळल्यावर जंतू मरतात, पण त्यातली काही विषं उकळीलाही दाद देत नाहीत. हाताच्या चिरेतून, पिकलेल्या जखमेतून अन्नात येणाऱ्या जंतूंचं विष त्यातलंच. खवणीवर बोट कापलेलं असताना खोबरं खवू नका, हे मी म्हणूनच कळकळीने सांगते. शिवाय अशा विषाला वास असेलच असं नाही. रात्रभर बाहेर राहिलेली करी वासाने चांगली वाटली तरी मुलांना, गरोदर बाईला किंवा वयस्कर माणसांना देऊ नका, आणि स्वतःही खाऊ नका.

प्रश्न : आमच्या गोव्यात आजी काल्ची कडी सकाळी पावाबरोबर द्यायची. फ्रीज नव्हता. मग तेव्हा कशी टिकायची? (मडगाव)

तुमच्या आजीची काल्ची कडी म्हणजे नुसती उरलेली कडी नव्हती. माशाच्या कडीत मुळातच चिंच, आंबाडे किंवा सोलं असतात, आणि खोबरं मिरची-धण्यांबरोबर वाटून सुरुवातीपासूनच शिजवलेलं असतं. वरून कच्चं दूध घालायचा प्रकार तिथे नाही. रात्री मासे संपले की उरलेला रस मातीच्या भांड्यात चुलीच्या निखाऱ्यांवर राहायचा. तो तासन्‌तास गरम राहायचा आणि आटत आटत सकाळपर्यंत घट्ट गोळा व्हायचा. पाणी कमी झालं, मीठ आणि आंबट दाट झालं, आणि कोमट राहण्याची वेळच कमी झाली.

गॅसवर ते निखारे नाहीत. रात्री गॅस बंद करून तीच कडी ओट्यावर ठेवली तर आजीची रीत पाळली असं होत नाही. आज काल्ची कडी हवी असेल तर रात्री फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी मंद आचेवर, ढवळत, तेल सुटेपर्यंत आटवा. चव तीच येते.

प्रश्न : फ्रीजमधल्या करीवर पांढरा कडक थर आला. नासली का? (पुणे)

नाही. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं, तोच हा थर. गरम करताना तो विरघळतो. नासलेली करी गरम केल्यावरही दह्यासारखी फाटलेली राहते, कारण जंतूंनी केलेल्या आम्लाने दुधातली प्रथिनं एकत्र येतात. साबणासारखा खवट वास आला, तर स्निग्धांश बिघडलाय असं समजा.

प्रश्न : शनिवारी पंधरा माणसं जेवायला आहेत. चिकनची करी आदल्या रात्री करून ठेवायची आहे. (नाशिक)

शुक्रवारी कांदा, भाजलेलं वाटण, मसाला आणि चिकन पूर्ण शिजवा, पण नारळाचं दूध घालू नका. तीन किलो चिकन असेल तर ते चार पसरट डब्यांत वाटून, निववून फ्रीजमध्ये ठेवा. शनिवारी सकाळी तीन मोठे नारळ खवून दूध काढा. एका नारळाचं साधारण वाटीभर घट्ट दूध निघतं. करी मध्यभागापर्यंत वाफाळती गरम झाल्यावर ते वर सांगितल्यासारखं घाला. पाहुण्यांच्या येण्याला उशीर झाला तर अर्धीच करी दुधाची करा, बाकीची तशीच राहू द्या. उरली तर दूध न घातलेली करी फ्रीजमध्ये आणखी एक दिवस निर्धास्त राहते. दुधाची करी मात्र दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका. डब्यातलं तयार दूध वापरलंत तरी डबा उघडल्यावर त्याला हाच नियम लागू होतो. उरलेलं दूध डब्यात न ठेवता काचेच्या बरणीत ओता आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवा.