झोपा कुणासाठी बांधायचा?

"मॅडम, न्हावाशेवाला येणारा माल सोडवणाऱ्या ऑफिसात लागून मला आठच महिने झालेत. माझ्या हातून एक बिल ऑफ एंट्री, म्हणजे आलेल्या मालाचं कस्टमकडे भरायचं विवरण, वेळेत भरायचं राहिलं आणि ३५ हजारांचा दंड बसला. साहेब आता काही बोलत नाहीत, पण माझ्या डोक्यातून जात नाही. स्वतःला माफ कसं करायचं?"

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो बॅग मांडीवर धरूनच बसला होता. आधी झोप आणि जेवणाचं विचारलं, जीव नकोसा होतो का तेही विचारलं. तसं असतं तर त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं. पहाटे जाग यायची आणि तो मोबाइलवर तोच मेल पुन्हा उघडायचा.

घरचे म्हणत होते, "झालं गेलं गंगेला मिळालं." त्याचा त्याला राग यायचा. मला तो राग बरोबर वाटला. हिशेब न मांडताच गंगेला सोडलेली चूक रात्री परत येते. म्हणून आम्ही हिशेब मांडला. जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल भरायचं असतं. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५ हजार, पुढे रोज १० हजार. त्याला पाच दिवस उशीर झाला होता. मग कागदावर दोषाचे वाटे पाडले. माल मागवणाऱ्या पार्टीने इन्व्हॉइस उशिरा पाठवलं होतं, सीनिअर रजेवर होते, आणि कागद हातात आल्यावरही याने तारीख पाहिली नव्हती. सुरुवातीला सगळे शंभर टक्के त्याने स्वतःच्या नावावर लिहिले होते. तासाभराने स्वतःच खोडून चाळीस केले. त्या चाळीसला मी हात लावला नाही, ते त्याचेच होते.

तो मान खाली घालून म्हणाला, "आता काय उपयोग? बैल गेला अन् झोपा केला."

ही म्हण लोक स्वतःला टोचायलाच वापरतात, म्हणून मी तिथे थांबले. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. विचारलं, "गोठ्यात आणखी किती बैल आहेत?" तो गोंधळला, मग बोटांवर मोजू लागला. त्या आठवड्यात त्याच्याकडे अकरा शिपमेंट होत्या.

"मग झोपा त्यांच्यासाठी कर."

त्याने एक तक्ता केला: जहाजाची अपेक्षित तारीख, बिल भरायचा शेवटचा दिवस, कुठला कागद अडलाय आणि कुणाकडे. रोज सकाळी शिपिंग लाइनकडून तारीख पुन्हा तपासायची, कारण जहाज कधी लवकरही लागतं. साहेबांना तक्ता दाखवताना "माझं चुकलं" हे वाक्य त्याने पहिल्यांदाच पुरतं उच्चारलं. तोवर फक्त "सॉरी सर" चाललं होतं.

चौथ्या भेटीत त्याने सांगितलं की नव्या आलेल्या मुलीने तो तक्ता कशासाठी म्हणून विचारलं. हा म्हणाला, "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. ठेच मला लागलीय, ये, दाखवतो." आणि तिला ३५ हजारांची सगळी गोष्ट सांगितली. त्या दिवशी बॅग खुर्चीशेजारी खाली ठेवलेली होती.