पीएस५ आणि टीव्हीच्या मागचे पोर्ट: कुठली केबल कुठे लावायची?

प्रश्न: पीएस५ घेतला आहे. ५५ इंची फोर-के टीव्हीच्या मागे चार एचडीएमआय आहेत. ३ नंबरपाशी "ई-एआरसी" आणि ३ व ४ पाशी "४के १२० हर्ट्झ" असं छापलंय. शिवाय यूएसबी, लॅन, ऑप्टिकल, एव्ही, अँटेना असं बरंच काही आहे. साउंडबार आणि सेट टॉप बॉक्सही लावायचा आहे. कशातून काय जातं आणि कुठली वायर कुठे लावू?

उत्तर:

साउंडबार ३ मध्ये, पीएस५ ४ मध्ये, सेट टॉप बॉक्स १ मध्ये. २ रिकामा ठेवा, पुढेमागे स्ट्रीमिंगची स्टिक घेतलीत तर तिथे लागेल. तुमच्या टीव्हीपुरतं उत्तर एवढंच. पण वायरी लावल्यावरही चित्र किंवा आवाज कमी प्रतीचा येऊ शकतो आणि ते पटकन लक्षातही येत नाही, म्हणून कारणं नीट सांगतो.

कन्सोलची मागची बाजू सोपी आहे. इंग्रजी आठसारखी खाच आहे ती विजेची. अडॅप्टर आतच असल्यामुळे साधी वायर थेट तिथे जाते. शेजारी लॅन पोर्ट आहे. हा फक्त इंटरनेटसाठी, त्याची वायर राउटरला जाते. टीव्हीच्या लॅन पोर्टशी त्याचं काहीही नातं नाही, टीव्हीचीही वेगळी वायर राउटरलाच जाते. दोन चपटे यूएसबी पोर्ट वेगवान आहेत, जास्तीची हार्ड डिस्क लावायची तर तिथेच लावा. यूएसबीतून टीव्हीला चित्र जात नाही, पुढच्या बाजूच्या छोट्या यूएसबी-सी मधूनही नाही. (निन्टेन्डो स्विच आपल्या डॉकला यूएसबी-सी मधूनच चित्र देतो, त्यामुळे हा गोंधळ होतो.) मग उरला "एचडीएमआय आउट". चित्र आणि आवाज दोन्ही या एकाच वाटेने बाहेर पडतात. पीएस५ ला ऑप्टिकल पोर्ट नाही, म्हणून साउंडबारपर्यंत आवाज पोचवायचं काम टीव्हीवर येतं.

आता टीव्ही. चारही एचडीएमआय पोर्ट दिसायला सारखे असले तरी त्यांची ताकद वेगवेगळी असते. केबल जोडली की टीव्ही त्या पोर्टपुरती एक यादी कन्सोलला पाठवतो: मी इतकं रिझोल्यूशन घेतो, सेकंदाला इतक्या फ्रेम घेतो, एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त तपशील दाखवणारं चित्र, चालतं किंवा नाही, आवाजाचे हे हे प्रकार समजतात. ही यादी एचडीएमआयमधल्याच वेगळ्या, अगदी संथ तारांवरून जाते. कन्सोल ती वाचतो आणि त्याच्या आतलंच काहीतरी पाठवतो. त्यामुळे चुकीच्या पोर्टात केबल लावली तर टीव्ही तक्रार करत नाही. चित्र येतं, फक्त कमी प्रतीचं येतं.

हा फरक किती मोठा आहे ते पाहा. फोर-के चित्र सेकंदाला ६० वेळा, साध्या ८ बिट रंगात पाठवायचं तर केबलवरून सेकंदाला साधारण १७.८ गिगाबिट जातात. एचडीएमआय २.० पोर्टची मर्यादा १८ आहे, म्हणजे वाट जवळजवळ भरलीच. एचडीआरसाठी १० बिट रंग हवेत, ते या वाटेत पूर्णपणे मावत नाहीत, म्हणून कन्सोल रंगाचा तपशील थोडा कमी करून पाठवतो. फ्रेम १२० केल्या तर हिशोब थेट दुप्पट होतो. तो फक्त एचडीएमआय २.१ च्या वेगाने चालणाऱ्या पोर्टांना पेलतो, आणि तुमच्या टीव्हीत ते ३ आणि ४ आहेत. असे दोनच वेगवान पोर्ट आणि त्यातल्याच एकावर ई-एआरसी, ही मांडणी बऱ्याच टीव्हींत सापडते. सोनीच्या एक्स९०जे मध्ये अगदी हीच आहे. एलजीच्या सी मालिकेत चारही पोर्ट वेगवान असतात, तिथे हा पेच येत नाही.

पेच असा, की ३ नंबरवर दोघांचा दावा आहे. एआरसी म्हणजे त्याच केबलमधून आवाज उलट दिशेने, टीव्हीकडून साउंडबारकडे पाठवायची सोय. ई-एआरसी ही तिचीच सुधारित आवृत्ती. ती सगळ्या पोर्टांवर नसते, ज्याच्यापाशी छापलंय तिथेच असते. पीएस५ ला ४ नंबर चालतो, साउंडबारला मात्र ३ शिवाय पर्याय नाही. म्हणून जागावाटप साउंडबारपासून सुरू करायचं. साउंडबारवरही दोन पोर्ट असू शकतात: "एचडीएमआय इन" आणि "एचडीएमआय आउट (टीव्ही एआरसी)". टीव्हीकडून आलेली केबल "आउट" मध्ये जाते. नाव उलटं वाटेल, पण पोर्टची नावं चित्राच्या दिशेवरून ठरलेली आहेत आणि साउंडबारमधून चित्र बाहेर पडून टीव्हीकडेच जातं. पीएस५ साउंडबारच्या "इन" मध्ये लावून पुढे टीव्हीला न्यायचा सल्ला दुकानात मिळतो. साउंडबार स्वतः ४के १२० पुढे सोडतो असं त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं असेल तरच तसं करा, नाहीतर तुमचा सगळा वेग तिथेच अडेल.

ऑप्टिकल पोर्टातूनही आवाज बाहेर येतो. त्यातून दोन चॅनलचा साधा आवाज किंवा दाबून लहान केलेला ५.१ जातो, त्यापलीकडे नाही. एआरसीतून याशिवाय डॉल्बी डिजिटल प्लस जातो. ई-एआरसी आठ चॅनलचा न दाबलेला आवाजही नेतो. साउंडबार जुना असेल आणि त्याला एचडीएमआय नसेलच, तर ऑप्टिकल बिनधास्त वापरा. रिमोटचा एकच व्हॉल्यूम दोघांना चालणार नाही, एवढंच.

बाकीचे पोर्ट तुमच्या कामाचे नाहीत, पण ओळखून ठेवा. अँटेनाची गोल खाच छतावरच्या अँटेनासाठी आहे. डिश किंवा केबलवाल्याची जाड गोल वायर तिथे न लावता सेट टॉप बॉक्सला लावायची आणि बॉक्समधून एचडीएमआय टीव्हीच्या १ मध्ये. "एव्ही इन" हे जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांसाठी. टीव्हीचा यूएसबी पेन ड्राइव्हमधले फोटो-सिनेमे पाहायला आणि स्ट्रीमिंग स्टिकला वीज द्यायला उपयोगी पडतो. "सर्व्हिस" लिहिलेल्या पोर्टला हात लावू नका, तो मेकॅनिकसाठी आहे.

केबलबद्दल माझं मत ठाम आहे: पीएस५ च्या खोक्यातलीच वापरा. ती "अल्ट्रा हाय स्पीड" प्रकारची, म्हणजे ४८ गिगाबिट पेलणारी आहे. सेट टॉप बॉक्ससोबत आलेली बारीक केबल कन्सोलला लावू नका, दोन्ही दिसायला सारख्याच असतात आणि सफाईच्या वेळी हमखास अदलाबदल होते. नवीन घ्यावी लागली तर वेष्टनावर "अल्ट्रा हाय स्पीड" हे शब्द आणि स्कॅन करायचं अधिकृत लेबल शोधा. नुसतं "८के" किंवा "२.१" लिहिलेलं पुरेसं नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांसाठी जास्त पैसे मोजू नका, चित्रात काडीचाही फरक पडत नाही.

जोडताना टीव्ही, साउंडबार, सेट टॉप बॉक्स आणि कन्सोल चौघांचीही वीज भिंतीपासून बंद करा, आधी एचडीएमआय लावा आणि मग बटणं चालू करा. केबलवाल्याच्या वायरीतून आलेला किंवा अर्थिंग नसलेल्या बोर्डातला थोडासा प्रवाहही एचडीएमआयची नाजूक चिप जाळू शकतो. बॉक्सच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

मग टीव्हीत एक सेटिंग बदलायचं असतं. बऱ्याच टीव्हींवर वेगवान पोर्टही सुरुवातीला संथ पद्धतीवर ठेवलेला असतो. सोनीत `HDMI signal format` मध्ये जाऊन ४ नंबरसाठी `Enhanced format` निवडा. सॅमसंगमध्ये त्याला `Input Signal Plus` म्हणतात. हे प्रत्येक पोर्टसाठी वेगळं करावं लागतं. केबल दुसऱ्या पोर्टात हलवलीत तर पुन्हा करा.

आता खात्री करा. पीएस५ वर `Settings` > `Screen and Video` > `Video Output` मध्ये `Video Output Information` आहे. तिथे कन्सोल या क्षणी नेमकं काय पाठवतोय ते दिसतं. `3840x2160` आणि एचडीआर चालू दिसलं की निम्मं काम झालं. होम स्क्रीनवर ६० हर्ट्झच दिसेल, ते बरोबर आहे. १२० तपासायला त्याच मेनूत `Enable 120 Hz Output` हे `Automatic` ठेवा, १२० फ्रेम देणारा गेम त्याच्या स्वतःच्या परफॉर्मन्स मोडमध्ये सुरू करा आणि गेम चालू असतानाच हे पान पुन्हा उघडा. तिथे `1920x1080` आणि १२० हर्ट्झ आलं, तर बहुधा केबल १ किंवा २ मध्ये आहे किंवा टीव्हीतलं सेटिंग राहिलंय. यादीत ४के १२० नसल्यामुळे कन्सोलने रिझोल्यूशन खाली आणलं.

आकडे बरोबर आहेत, पण अधूनमधून पडदा क्षणभर काळा होतो किंवा पांढरे ठिपके चमकतात, तर संशय केबलवर घ्या. दोन्ही उपकरणांनी मोठा वेग ठरवला आणि केबलला तो झेपत नाही, असा त्याचा अर्थ. १२० बंद केल्यावर ठिपके गेले तर शंकाच उरत नाही.

चित्र ठीक, पण साउंडबारवर फक्त दोन चॅनल येतायत? `Settings` > `Sound` > `Audio Output` मध्ये `Audio Format (Priority)` पाहा. ते `Linear PCM`, म्हणजे न दाबलेला आवाज, असेल तर पुष्कळ टीव्ही कन्सोलकडून दोनच चॅनल मागतात. तिथे डॉल्बी निवडा, शिवाय टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ई-एआरसी चालू आहे ना ते बघा. डॉल्बीमुळे आवाज किंचित उशिरा पोचतो. गोळीबाराच्या गेममध्ये ते खटकलं तर परत पीसीएमवर या.

वायरी भिंतीतल्या पाइपातून न्यायच्या असतील तर तांब्याची साधी केबल तीन मीटरच्या आतच ठेवा. त्याहून लांब अंतराला फायबरची एचडीएमआय मिळते, पण ती एकाच दिशेने चालते: एका टोकावर "सोर्स" आणि दुसऱ्यावर "डिस्प्ले" छापलेलं असतं. "सोर्स" पीएस५ कडे. पाइपात ओढण्याआधी ती जमिनीवर पसरून दोन्हीकडे जोडून १२० चा गेम चालवून बघा, कारण प्लास्टर झाल्यावर टोकं बदलता येत नाहीत.