‘तुमच्यामुळे’ की ‘तुमच्या सांगण्यावरून’? जुन्या सल्ल्याचे आभार मानताना

प्रश्न: मृदाशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला बियाणे कंपनीत विक्रीची नोकरी मिळाली होती. रुजू व्हायला दोन महिने होते. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “तेवढे दिवस माती परीक्षण प्रयोगशाळेत बस, नमुने घेऊन येणाऱ्यांशी बोल, मग ठरव.” तिथे दिसलं की अहवाल हातात पडतो, पण सामू म्हणजे काय, सेंद्रिय कर्ब कमी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. मी कंपनीला नकार दिला आणि प्रयोगशाळेतच राहिले. आता सातआठ महिन्यांनी बाईंना पत्र लिहायचं आहे. ‘तुमच्यामुळे मी नोकरी नाकारली’ हा आरोप वाटतो, ‘आपल्या सल्ल्याने’ सरकारी वाटतं, ‘आपली ऋणी आहे’ फार जड होतं. काय लिहू?

उत्तर: तिन्ही ठिकाणी तुमचा कान बरोबर आहे. पहिल्या दोन ठिकाणी अडचण ‘सल्ला’ किंवा ‘नोकरी’ या शब्दांची नाही. बाईंचं बोलणं आणि तुमचा निर्णय यांना जोडणारा जो छोटा शब्द किंवा प्रत्यय आहे, तिथे ती आहे. मराठीत असे जोड बरेच आहेत आणि प्रत्येक जण जबाबदारी वेगळ्या माणसाकडे सरकवतो. ‘थँक्यू’चा प्रश्न त्यानंतरचा.

‘मुळे’पासून सुरुवात करू. पावसामुळे सामना रद्द झाला, तापामुळे शाळा बुडाली, अशा वाक्यांत हा शब्द नुसतं कारण दाखवतो. माणसाला जोडला की मात्र त्याचा अर्थ पुढच्या क्रियापदावर फार अवलंबून राहतो. ‘तुमच्यामुळे गाडी चुकली’ आणि ‘तुमच्यामुळे गाडी मिळाली’ ही दोन वाक्यं म्हणून बघा. एकात तक्रार आहे, दुसऱ्यात कृतज्ञता, आणि ‘तुमच्यामुळे’ मात्र तोच आहे. चुकणं, सुटणं, बुडणं, नाकारणं, सोडणं ही हातातून काहीतरी जाण्याची क्रियापदं आहेत. त्यांच्या आधी ‘तुमच्यामुळे’ आलं की वाचणारा आधी दोष ऐकतो. कळणं, सुचणं, दिसणं, जमणं, मिळणं यांच्याआधी आलं की श्रेय ऐकतो. तुमचं वाक्य ‘नाकारली’वर संपतं म्हणून ते आरोपासारखं झालं, मनात तसं काही नसताना.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकदम करावेत असं मी सुचवीन. एक, ‘मुळे’ माणसाला न जोडता तिच्या कृतीला जोडा. ‘तुमच्यामुळे’ म्हटलं की अख्ख्या बाई कारण होतात, ‘तुमच्या त्या सूचनेमुळे’ म्हटलं की एक ठरावीक गोष्ट कारण होते. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा: ‘मुळे’ निर्णयाला बांधू नका, समजेला बांधा. बाईंच्या सूचनेमुळे तुम्हाला काहीतरी दिसलं आणि जे दिसलं त्यावरून तुम्ही ठरवलं. घडलंही तसंच आहे. म्हणजे वाक्याचे दोन तुकडे होतील: ‘तुमच्या त्या सूचनेमुळे मला … दिसलं. ते पाहून मी … ठरवलं.’ पहिल्या तुकड्याचं श्रेय त्यांचं, दुसऱ्याचा कर्ता तुम्ही.

आता ‘सल्ल्याने’. औषधाच्या वेष्टनावर ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे’ असं असतं. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. दोन्हीकडे कृती होण्याआधी सल्लागाराची मान हललेली असते, किंबहुना ती हलल्याशिवाय कृती होऊच नये असा अर्थ आहे. ‘आपल्या सल्ल्याने मी नोकरी नाकारली’ याचा अर्थ म्हणून असा लागतो की नकार कळवण्याआधी तुम्ही बाईंना विचारलं होतं आणि त्यांनी ‘नाकार’ म्हटलं होतं. त्यांनी तर ‘बघ आणि ठरव’ एवढंच म्हटलं. वाक्य सरकारी वाटलं ते त्यातल्या संमतीच्या वासामुळे.

‘सांगण्यावरून’ हा जोड तुम्ही विचारला नाहीत, पण लिहिताना तो हमखास हाताखाली येईल. ‘साहेबांच्या सांगण्यावरून फाईल पाठवली’ असं म्हणणारा माणूस काम स्वतः करतो आणि त्याची जबाबदारी साहेबांवर ठेवतो. वडिलांच्या सांगण्यावरून, वकिलाच्या सांगण्यावरून, सगळीकडे तीच तऱ्हा. तुमच्या गोष्टीत हा जोड एका जागी अगदी चपखल आहे आणि दुसऱ्या जागी चूक. प्रयोगशाळेत तुम्ही बाईंच्या सांगण्यावरूनच गेलात, एरवी गेला नसतात, तेव्हा तिथे तो खुशाल वापरा. नोकरी त्यांच्या सांगण्यावरून नाकारली नाहीत, तिथे नको. पत्रात ही एक रेघ नीट ओढली गेली, तर वाचताना बाईंना आपण या मुलीची चालून आलेली नोकरी घालवली की काय, अशी रुखरुख लागणार नाही. सल्ला देणाऱ्या माणसाला ही धास्ती असतेच, विशेषतः पगाराची गोष्ट असली की.

‘सांगितल्याप्रमाणे’ मात्र पूर्ण टाळा. त्यात दिलेलं काम पार पाडल्याचा सूर आहे, प्रबंधाचं प्रकरण वेळेत जमा केल्यासारखा.

बाईंचं बोलणं उद्धृत करताना ‘म्हणाला होतात’ हे रूप घ्या, ‘म्हणालात’ नको. ‘तुम्ही म्हणालात’ हे परवाचं वाटतं, जणू संभाषण अजून चालू आहे. ‘म्हणाला होतात’ने ते वाक्य मागे आपल्या जागी जातं आणि मधे बरंच काही घडून गेल्याचं न सांगता कळतं. त्यांचे शब्द शक्यतो जसेच्या तसे द्या. ‘आपले बहुमोल मार्गदर्शन लाभले’ यात कोणतं मार्गदर्शन ते कुठेच नाही. हे वाक्य कुणीही कुणालाही पाठवू शकतं. ‘नमुने घेऊन येणाऱ्यांशी बोल’ हे फक्त तुमच्या बाईंचं आहे. अनेक विद्यार्थ्यांशी रोज बोलणाऱ्या माणसाला आपण कुणाला काय म्हणालो होतो ते आठवत नसतं, म्हणूनही ते लिहावं.

संबोधनाबद्दल. तुम्ही ‘आपल्या’ लिहू पाहता आहात ते आदरापोटी, पण याच पत्रात तो शब्द गोंधळ करतो. ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ म्हणजे ‘मी आणि तुम्ही’ही. ‘आपण बोललो’, ‘आपण बोललात’ यांत क्रियापद वाचवतं. पण ‘आपण तो निर्णय घेतला’ यात कोणी घेतला? तुम्ही दोघींनी, की एकट्या बाईंनी? ‘घेतलात’ असा ‘त’ लावला तर सुटतं, पण तो अनेकदा राहून जातो. ‘आपला’चं त्याहून अवघड आहे, कारण तो स्वतःकडेही वळतो. ‘मी आपल्या मताचा विचार केला’ यात मत बाईंचंही असू शकतं आणि तुमचंही. कोणाचं काय होतं हेच सांगण्यासाठी लिहिलेल्या पत्रात ही संदिग्धता परवडत नाही. समोर तुम्ही बाईंना ‘तुम्ही’ म्हणत असाल तर पत्रातही ‘तुम्ही’च ठेवा. मराठीत ‘तुम्ही’ पुरेसं आदराचं आहे.

आता आभाराचे शब्द. ‘धन्यवाद’ घटना ताजी असताना शोभतो, भाषणाच्या शेवटी, मदत मिळाल्याच्या क्षणी. सातआठ महिन्यांनी तो एकटाच आला तर कशाबद्दल, हा प्रश्न उभा राहतो. पत्राच्या सुरुवातीला म्हणूनच तो विचित्र वाटतो. सगळं सांगून झाल्यावर शेवटी आला तर मुळीच खटकणार नाही. ‘ऋणी’ आणि ‘उतराई’ एका घरातले, देण्याघेण्याचे. ‘उतराई होणे’ म्हणजे ऋणातून मोकळं होणं, आणि ते सहसा नकारात किंवा प्रश्नातच येतं: उतराई कशी होऊ? संतांच्या उपकारांवरच्या तुकोबांच्या अभंगातही तो प्रश्न होऊनच येतो. ज्यांनी आयुष्य उभं करून दिलं त्यांच्यासाठी हे शब्द राखून ठेवावेत असं मला वाटतं. एका नेमक्या सूचनेवर त्यांचं वजन टाकलं तर ती सूचनाच झाकली जाते.

तुमच्या पत्राला मी ‘आभार’ निवडेन. तो नेहमी अनेकवचनी चालतो आणि ‘मानणे’ हे क्रियापद घेतो: ‘तुमचे आभार मानायचे आहेत’. ‘तुमचा आभार’ किंवा ‘आभार दिले’ असं लिहू नका. या शब्दाचा मोठा गुण असा की त्याला ‘कशाबद्दल’ सहज जोडता येतं, आणि तुमच्या पत्राचा जीव त्या ‘कशाबद्दल’मध्येच आहे.

उशिराबद्दल लांब माफी नको. पहिल्या परिच्छेदात माफीच भरली तर बाईंना आधी तुमची समजूत काढावी लागेल. उशिरालाच कारण आहे: तेव्हा सांगण्यासारखं काही नव्हतं, आता आहे. एवढं लिहिलं की झालं.

हे सगळं जोडून पत्र साधारण असं होईल:

‘बाई, नमस्कार.

मार्चमध्ये मी तुम्हाला कंपनीच्या नोकरीबद्दल विचारायला आले होते. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “तेवढे दिवस माती परीक्षण प्रयोगशाळेत बस, नमुने घेऊन येणाऱ्यांशी बोल, मग ठरव.” त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळवायचं राहिलं होतं. आता सांगण्यासारखं काही आहे, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या सांगण्यावरून मी प्रयोगशाळेत जाऊ लागले. येणाऱ्यांशी बोल हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी नुसते नमुने तपासले असते. त्या बोलण्यामुळे मला दिसलं, की अहवाल हातात पडल्यावरही सामू किंवा सेंद्रिय कर्ब यांचं काय करायचं हे शेतकऱ्यांना कुणी सांगत नाही. हे काम मला करावंसं वाटलं. म्हणून मी कंपनीला नाही कळवलं आणि इथेच राहायचं ठरवलं. पगार कमी आहे, पण तो विचार करूनच मी ठरवलं होतं. आत्तापर्यंत तरी मला इथे बरं वाटतं आहे.

ठरव असं तुम्ही म्हणालात, काय ठरव ते सांगितलं नाहीत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानायचे आहेत.

तुमची विद्यार्थिनी’

मार्चच्या जागी तुमचा महिना घाला, आणि ‘दिसलं’च्या वाक्यानंतर एका खऱ्या शेतकऱ्याचा, एका खऱ्या अहवालाचा प्रसंग दोन ओळींत लिहा. पगाराची ओळ तुमच्या बाबतीत खरी नसेल तर काढा. खरी असेल तर ठेवाच, कारण बाई तो प्रश्न मनात विचारणारच आहेत. ‘आत्तापर्यंत तरी’ हेही काढू नका. सातआठ महिन्यांवर ‘निर्णय योग्य ठरला’ म्हणणं घाईचं होईल. शेवटच्या ओळीत ‘म्हणालात’ आणि ‘नाहीत’ असं साधं भूतकाळी रूप मुद्दाम ठेवलं आहे: ‘होतात’चा काळ पहिल्या परिच्छेदात एकदा बसला की पुन:पुन्हा लागत नाही.

‘असाच लोभ असावा’, ‘मार्गदर्शन असेच लाभत राहो’ अशी ओळ शेवटी लिहायचा मोह होईल. ती नको, कारण तिने कळवण्यासाठी लिहिलेलं पत्र मागण्यासाठी लिहिल्यासारखं होतं. पुढे काही विचारायचं असलंच तर त्यासाठी नंतर वेगळं पत्र लिहा.