ब्लाउजचं माप चुकलं, टेलरकाकांना काय लिहू?

मापाचा कागद देऊनही ब्लाउज चुकीचा शिवलाय. काकांना वाईट न वाटता, पण स्पष्ट कसं लिहू?

आधी हुक लावून ब्लाउज टेबलावर सपाट पसरा आणि न ताणता मोजा. बाहीची रुंदी सव्वापाच इंच आली, तर घेर दुप्पट, म्हणजे साडेदहा. बायका इथेच चुकतात आणि मग दुकानात वाद होतो. पाव इंचाचा फरक सोडून द्या, शिलाईत तेवढं होतंच.

मी गेल्या महिन्यात हे लिहून ब्लाउजसोबत पिशवीत ठेवलं:

"काका, नमस्कार. हिरव्या ब्लाउजची छाती ३६ आणि उंची १४ अगदी बरोबर आहे. दोन ठिकाणी कागदाशी फरक आहे. बाहीचा घेर ११.५ लिहिला होता, १०.५ भरतोय, हात वर केला की दंडाला काचतं. मागचा गळा ९ हवा होता, १०.२५ खोल झालाय. बाहीत माया असेल तर दोन्ही पदरांतून अर्धा-अर्धा इंच सोडा. गळ्याचं काय करता येईल ते कापण्याआधी फोनवर सांगा. कागदाची झेरॉक्स सोबत आहे. लग्न २० तारखेला आहे, १७ पर्यंत मिळावा."

बाही उसवून सैल होते, पण कापलेला गळा परत भरत नाही. उरलेलं कापड असेल तर पट्टी जोडता येते किंवा मागचा भाग नवा करता येतो. म्हणून उरलेला तुकडा आधीच मागून ठेवा. माझ्या काकांनी पट्टीवर पायपिंग लावून दिलं, जोड दिसतही नाही.