आरएसआय ७० च्या वर गेला म्हणजे भाव पडणारच, असं नसते भाऊ

प्रश्न: "दादा, माझ्या कॉइनचा डेली आरएसआय ७० च्या वर जाऊन १६ दिवस झाले. मी तिसऱ्याच दिवशी विकून मोकळा झालो आन् भाव चढूनच राहिला. आता ८४ दाखवते. शॉर्ट मारू का? का आरएसआयच बोगस आहे?"

शॉर्ट, म्हणजे भाव पडला तर कमाई होईल असा सौदा, मारू नको. बाकीचं वाच मग.

आरएसआय बोगस नाही, तू त्याले चुकीचा प्रश्न विचारून राहिला. भाव महाग झाला का हे त्याले माहीतच नसते, मागच्या १४ कॅन्डलमध्ये, म्हणजे डेली चार्टवर १४ दिवसात, चढण्याचा जोर किती आन् पडण्याचा किती एवढंच तो सांगते. गाडीच्या काट्यासारखं समज. आपल्या गावच्या पांदण रस्त्यावर काटा ८० वर गेला तर मागचा माणूस ओरडते, तोच ८० समृद्धीवर असला तर मागून ट्रॅव्हल्सवाला हॉर्न मारते. काटा तोच आहे, रस्ता वेगळा. साईडवेज मार्केट, म्हणजे भाव एकाच पट्ट्यात खालीवर होते ते, म्हणजे पांदण, तिथं ७० ले विकणं बरेचदा जमून जाते. जोरदार ट्रेंड म्हणजे समृद्धी.

आता तो इतके दिवस वर काहून राहते हे एकदा कागदावर करून पाहा, कारण हे कळलं की अर्धा गोंधळ तिथंच संपते. वाइल्डर नावाच्या माणसानं १९७८ मध्ये हे काढलं. त्याच्या पद्धतीत सरासरी वाढ भागिले सरासरी घट, आन् त्यावरून आकडा. समज सरासरी वाढ ४ रुपये, सरासरी घट १ रुपया. म्हणजे गुणोत्तर ४, पाचातले चार हिस्से वाढीचे, म्हणून आरएसआय ८०. उद्या भाव जागचा हललाच नाही तर? दोन्ही सरासऱ्यांले १३/१४ नं गुणलं जाते, गुणोत्तर ४ च राहते, आरएसआय ८० चा ८० च. भाव थांबला तरी काटा खाली येत नाही! आन् उद्या भाव फक्त १ रुपया वाढला, म्हणजे सरासरीच्या चौथा हिस्सा, तरी आरएसआय ८०.३ होते. एका दिवसात तो ७० च्या खाली यायले भाव ९ रुपये ३० पैशाच्या वर पडावा लागते, म्हणजे सरासरी वाढीच्या दुपटीहून जास्त. ट्रेंडमध्ये असे दिवस कमी येतात, छोटी घसरण झाली की खालून लोकं उचलतात. म्हणून आठवडेच्या आठवडे तो वर बसून राहते, त्यात काही बिघाड नाही.

माझं सांगतो. नोव्हेंबर २०२०, बिटकॉइन साडेपंधरा हजार डॉलरच्या आसपास, डेली आरएसआय ७० च्या वर. मी जिनिंगवर कापसाची गाडी घेऊन रांगेत उभा, पुढं तीस-पस्तीस गाड्या, टाईमपास म्हणून मोबाईल उघडला आन् "ओव्हरबॉट" पाहून तिथंच ४० हजाराचा माल विकून टाकला. लय हुशारी केली असं वाटलं. १६ डिसेंबरले भाव २० हजाराच्या वर, ८ जानेवारीले ४१ हजारच्या वर, आन् त्या अख्ख्या चढाईत आरएसआय बरेच दिवस ७० च्या वरच. मग मी काय केलं, ४० हजार डॉलरच्या भावात परत घेतलं. तीन दिवसात ३० हजारापर्यंत आला. (कापसाचा भाव मात्र त्या दिवशी जेवढा होता तेवढाच मिळाला, ते वेगळं.)

पण त्याच चार्टनं नंतर मले शिकवलं. जानेवारीच्या त्या पडझडीत भाव चौथ्या हिश्शाहून जास्त गेला, तरी डेली आरएसआय ४० ते ५० च्या मधात थांबला आन् तिथून परत फिरला. फेब्रुवारीच्या शेवटी तेच, मार्चच्या शेवटी तेच. म्हणजे तेजीत ३० ले खरेदी करू म्हणून बसलेल्या माणसाले गाडी मिळतच नाही, गाडीचा थांबाच ४०-५० ले असते. अँड्र्यू कार्डवेल नावाच्या ट्रेडरनं ही रेंजची गोष्ट फार आधी मांडलेली आहे, तेजीत आरएसआय साधारण ४० ते ८०-९० मध्ये खेळते, मंदीत २० ते ६० मध्ये. मी आता ७० कडे पाहतच नाही, ४० कडे पाहतो.

एप्रिल २०२१ मध्ये ते कामाले आलं. १४ एप्रिलले भाव ६४ हजाराच्या वर, पण आरएसआय जानेवारीच्या शिखराहून लय खाली. याले डायव्हर्जन्स म्हणतात आन् लोकं याच्यावर उड्या मारतात, पण ध्यानात ठेव, हाच डायव्हर्जन्स फेब्रुवारीतही दिसत होता. तेव्हा जो विकून बसला तो पुढची चाल हुकला. म्हणून नुसत्या डायव्हर्जन्सवर मी विकत नाही. एप्रिलच्या शेवटी मात्र भाव ५० हजाराच्या खाली आला तेव्हा आरएसआयनं ४० तोडला, त्या चढाईत पहिल्यांदाच. मग मे च्या पहिल्या आठवड्यात भाव परत ५८ हजाराच्या आसपास गेला, पण आरएसआय ६० च्या आसपास अडकला. आधी ४० तुटला, मग ६० पार झाला नाही, म्हणजे रस्ताच बदलला. मी त्या उसळीत निघालो. १९ मे ले भाव ३० हजारावर. सगळ्यात वरच्या भावात विकलं नाही, पण पोट भरलं.

दोन-तीन भानगडी आहेत. एक, कॅन्डल बंद व्हायच्या आधी आरएसआय पाहून निर्णय घेऊ नको. क्रिप्टोची डेली कॅन्डल बहुतेक ठिकाणी आपल्या पहाटे साडेपाचले बंद होते, रात्रपाळीची लाईट असली की मी मोटर बंद करून येतो आन् तेव्हाच पाहतो, दिवसभर आकडा नाचत राहते. दुसरं, नवीन लिस्ट झालेल्या कॉइनचा आरएसआय धरू नको. ही सरासरी मागचा आकडा पुढं ओढत नेते, शंभरेक कॅन्डल झाल्याशिवाय ती बसत नाही. आन् ज्याच्यात व्हॉल्यूमच नाही असं छोटं कॉइन एका माणसानं चढवलं तरी ९५ दाखवते आन् दुसऱ्या दिवशी ४० च्या खालीच उघडते, तिथं तुले मधात दरवाजाच मिळत नाही. वरचं सगळं बिटकॉइन, इथेरियमसारख्या मालाले लागू.

तिसरं टॅक्स. दर ७० ले विकून खाली परत घेणं आपल्याकडं परवडत नाही. १ लाखाचा माल दीड लाखाले विकला तर ५० हजारावर ३० टक्के आन् त्यावर सेस धरून १५,६०० गेले, त्यातलाच १ टक्का टीडीएस विक्रीच्या पूर्ण रकमेवर आधीच कापला जाते. तेवढाच माल परत घ्यायचा तर भाव १० टक्क्याच्या वर पडला पाहिजे, तेव्हा कुठं बरोबरी. टॅक्स कधीतरी भरायचाच आहे म्हणा, पण दर महिन्याले काहून? आन् एखाद्या कॉइनमधला लॉस दुसऱ्याच्या फायद्यातून वजा पण करू देत नाहीत.

तुझ्या केसमध्ये आता ८४ ले घुसायची घाई नको. आरएसआय ४५-५० ले येऊन वर वळू दे, तेव्हा अर्धा घे, ४० च्या खाली बंद झाला तर तेवढ्यावरच थांब. शॉर्टचं सांगितलंच, त्यात भाव आणखी २० टक्के चढला तर ५ पट लिव्हरेजवर तुझी मार्जिन साफ होते, आरएसआय बरोबर ठरो की चूक. कॉइन कोणतं आहे आन् वीकली आरएसआय किती आहे ते टाक. वीकली पण ६० च्या वर असेल तर मग माझं वरचं सगळं लागू, नाहीतर वेगळं पाहावं लागन.