दादांचं पान

अगं,

तुझी फाइल काल रात्री उघडली. कथा नंतर बघू म्हटलं, आधी अर्पणपत्रिका वाचली, कारण मेलमध्ये तू लिहिलंयस की त्या एका पानाला तीन आठवडे गेले आणि तरी ते जमलंय असं वाटत नाहीये. नाहीच जमलेलं. पण तुला वाटतंय की शब्द कमी पडतायत, आणि मला वाटतं ते जास्त झालेत.

अकरा ओळी आहेत. अपार कष्ट आहेत, संस्कारांची शिदोरी आहे, वटवृक्षाची सावली आहे. यातलं खोटं काहीच नाही, दादांनी कष्ट केलेच, पण हे पान उचलून दुसऱ्या कुणाच्याही पुस्तकात लावलं तरी चालून जाईल. तुझे दादा त्यात कुठे आहेत? मग मी तुझं मनोगत वाचलं आणि चौथ्या परिच्छेदात ते भेटले. एसटीत कंडक्टर, शेवटची फेरी संपली, गाडी डेपोत लागली की सीटवर राहिलेले पेपर गोळा करून घरी आणायचे, कधी तीन दिवसांपूर्वीचा पेपर, कधी कव्हर फाटलेला दिवाळी अंक, आणि तू ते जेवताना वाचायचीस, पान भिजून अर्धी बातमी गेलेली असली तर उरलेली अर्धी मनानेच रचायचीस. अगं हीच तर तुझी अर्पणपत्रिका आहे, तू ती लिहून ठेवलीयस, फक्त पान चुकलंय.

मी असं करून बघितलं:

शेवटच्या फेरीनंतर
सीटवर राहिलेले पेपर
माझ्यासाठी घरी आणणाऱ्या
ती. दादांना

बस. अर्धी बातमी रचण्याचा भाग मी मुद्दाम घेतला नाही, तो मनोगतातच राहू दे. वाचक आधी हे पान बघेल, मग मनोगतात ती गोष्ट वाचेल, आणि दोन्ही त्याची तोच जोडेल. सगळं इथेच सांगितलंस तर पुढे त्याला काही उरत नाही.

'ती.' ठेवलंय कारण ते तीर्थरूप, आईवडिलांसाठी. उद्या सरांसाठी लिहायची वेळ आली तर ते 'ती. स्व.' होतं, तीर्थस्वरूप. हल्ली हा फरक फार कुणी पाळत नाही, आणि तू दोन्ही गाळून नुसतं 'दादांना' लिहिलंस तरी माझी हरकत नाही.

आता सरांचं. तू त्यांनाही याच पानावर घेतलंयस, शिवाय आई, दोन्ही काकू आणि लायब्ररीतल्या मॅडम. तुझी भीती कळते की कुणाला वाईट वाटेल. पण आभार मानायला ऋणनिर्देश आहे, मनोगत आहे, तिथे हवी तेवढी जागा घे. बाबासाहेबांच्या सुरुवातीच्या दोन पुस्तकांची पहिली पानं बघ एकदा. रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक १९२३ मध्ये लंडनला निघालं, ते त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं, शिक्षणासाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं १९२५ मध्ये आलं, ते सयाजीराव गायकवाडांना, आणि तिथेही कारण शिक्षणाला केलेली मदत. आणि त्यांचे शिक्षक? तेही आहेत त्याच पुस्तकांत. पहिल्याला लंडनच्या प्रोफेसर कॅनन यांची प्रस्तावना आहे, दुसऱ्याला कोलंबियाच्या सेलिग्मन यांची. म्हणजे ज्याची जी जागा ती त्याला मिळालीय, कुणी सुटलेलं नाही. आणि दोन्ही अर्पणांत ऋण नेमकं कशाचं ते सांगितलंय, मला ते फार आवडतं. तुझ्या सरांनी तुझ्या पहिल्या कथेचा शेवट तीनदा बदलायला लावला होता ना, ते मनोगतात नीट लिही, एक अख्खा परिच्छेद दे त्याला.

नावांबद्दल मात्र माझं ऐकच. माझ्या पहिल्या पुस्तकात मी माझ्या बाईंचं पूर्ण नाव घातलं होतं आणि त्यात त्यांच्या वडिलांच्या नावाचं आद्याक्षर चुकलं. मीच आठवणीने लिहिलेलं, विचारलं नव्हतं. प्रुफं तीनदा वाचली पण सुरुवात मजकुराच्या पहिल्या पानापासून करायचे, आधीची पानं कुणी वाचलीच नाहीत. पुस्तक हातात आलं, बाईंकडे घेऊन गेले, त्यांनी ते पान बराच वेळ बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. नंतर प्रत्येक प्रतीत त्या ओळीवर कागदाची बारीक पट्टी चिकटवत बसले, पण त्यांच्याकडची प्रत तशीच राहिली. म्हणून सांगते, सरांचं नाव त्यांच्याकडूनच लिहून घे, ऱ्हस्व-दीर्घासकट.

आणि अजून एक. तू युनिकोडमध्ये टाइप करतेस, पण बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुने फॉन्ट चालतात, तिथे मजकूर कन्व्हर्ट करताना 'ऱ्या' हमखास बिघडतो, 'आणणाऱ्या'चं 'आणणार्या' होऊन येतं. तुझ्या चार ओळींत नेमका तोच शब्द आहे. ओळीही एकात एक मिसळून येतात. म्हणून हे पान स्क्रीनवर बघून ओके म्हणू नकोस, कागदावर प्रिंट मागव.

जागेचं प्रकाशकांशी बोलून घे. पुस्तक सहसा सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यात बसवतात, एखाद-दोन पानं वर गेली की पहिली कुऱ्हाड याच पानावर येते, मग ते शीर्षक पानाच्या मागे, आयएसबीएन आणि मुद्रकाच्या पत्त्याखाली कोंबतात. तुझं साधारण पाचवं पान येईल, उजव्या हाताचं, मागची बाजू कोरी. तेवढी मागून घे. जागा कमी पडलीच तर मनोगतातली दीड पानं कमी कर, मी खुणा करून देते. वर 'अर्पणपत्रिका' असं शीर्षकही नको, चार ओळी बघून कळतंच.

शेवटचं, आणि यावर मी काल रात्री सगळ्यात जास्त विचार केला. छापायच्या आधी हे दादांना वाचून दाखव. सरप्राइज द्यायचंय तुला, माहितीये. पण ते कंडक्टर होते गं, गाडीत कुणाची वस्तू राहिली तर ती डेपोत जमा करायची असते, आणि त्यांनी पंचवीस-तीस वर्षं ते इमानाने केलं असणार. मनोगतात तू 'विसरलेले पेपर' लिहिलंयस. आपल्याला त्यात फक्त प्रेम दिसतं, पण त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने वाचलं तर? विसरलेलं म्हणजे ज्याचं त्याला परत द्यायचं असतं. मी 'राहिलेले' केलं, तरी मला पूर्ण खात्री नाही, कदाचित 'टाकून दिलेले' हवं असेल, ते कानाला थोडं कडक लागतं पण त्यांच्या बाजूने ते स्वच्छ आहे. हा शब्द आपण दोघींनी ठरवण्यातला नाही. रविवारी घरी जाणारच आहेस, तेव्हा विचार, आणि ते जो म्हणतील तो दोन्हीकडे घाल, मनोगतातही.

सोमवारी मला कळव, मग प्रेसला फाइल पाठवू.

तुझी
ताई