बाळाच्या आणि वडिलांच्या अंघोळीचं पाणी नेमकं किती गरम असावं?

प्रश्न: "माझं बाळ तीन महिन्यांचं आहे आणि वडील ७८ वर्षांचे, त्यांना मधुमेह आहे. वडिलांना पाणी कडकच लागतं, कोमट दिलं की थंडी वाजते म्हणतात. घरात थर्मामीटर नाही. दोघांच्या अंघोळीचं पाणी किती गरम असावं आणि ते हाताने कसं ओळखायचं?"

बाळासाठी ३७ ते ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे शरीराइतकंच किंवा त्याहून जेमतेम अंशभर जास्त. वडिलांसाठीही ३८ च्या आसपासच ठेवा, फार तर ३९. ४० च्या वर जाऊ नका. त्यामुळे दोघांना एकच मोजमाप चालतं. वडिलांना लागणारी थंडी पाणी आणखी गरम करून जाणार नाही. ती कशाने जाते, ते शेवटी सांगते.

मी बरीच वर्षं जळीत रुग्णांच्या वॉर्डात परिचारिका होते. अंघोळीच्या पाण्याने भाजून आलेल्यांमध्ये लहान मुलं आणि म्हातारी माणसं असायची आणि घरच्यांचं वाक्य जवळपास एकच असायचं: "आम्ही हात घालून बघितलं होतं." ते खोटं बोलत नसत. पाणी बघितलेलं असायचं, पण ज्या हाताने बघितलं तो या कामाचा नव्हता.

तळहाताची कातडी जाड असते. रोज भांडी, चहा, तवा हाताळणाऱ्या माणसाच्या तळव्याला ४३-४४ अंशांचं पाणीही नुसतं "छान गरम" वाटू शकतं. शिवाय कातडी तापमान मोजत नाही, फरक मोजते. एक हात थंड पाण्यात आणि दुसरा गरम पाण्यात मिनिटभर ठेवा, मग दोन्ही एकाच कोमट भांड्यात घाला. तेच पाणी एका हाताला गरम लागेल आणि दुसऱ्याला गार. म्हणून गार पाण्याने कपडे पिळून आलेला हात किंवा नुकतीच गरम भांडी घासलेला हात पाणी बघायला वापरू नका. आधी हात पुसा आणि दोन-तीन मिनिटं जाऊ द्या.

तळव्याऐवजी कोपर किंवा मनगटाची आतली बाजू वापरा. तिथली कातडी पातळ असते आणि तिला गरम वस्तू हाताळायची सवय नसते. बाही वर करून कोपर पूर्ण बुडवा आणि सावकाश दहा अंक मोजा. एका क्षणात लावून काढून घेतलं तर काहीच कळत नाही. ३७-३८ अंशांचं पाणी कोपराला जवळजवळ जाणवत नाही, एवढीशी ऊब लागते आणि दहा अंकांनंतरही ती तेवढीच राहते. "वा, मस्त गरम" असं मनात आलं तर ते तुमच्यासाठी मस्त आहे, बाळासाठी जास्त आहे. दहा अंक व्हायच्या आत कोपर बाहेर काढावंसं वाटलं तर ते पाणी घरात कोणाच्याच अंगावर घालू नका.

वाफेवरून अंदाज बांधू नका. हवा गार असली की कोमट पाण्यावरही वाफ दिसते आणि उकाड्यात चटका देणाऱ्या पाण्यावर दिसत नाही.

आता खरी अडचण. ३८ अंश कोपराला कसे लागतात हे तुम्ही कधी अनुभवलेलंच नसेल, तर आठवायचं काय? त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. खळखळ उकळणारं पाणी साधारण १०० अंशांचं असतं, म्हणजे एक आकडा आपल्याला आयताच मिळतो. दुसरा आकडा मिळवायचा तर गार पाणी रात्रभर घरातच बादलीत भरून ठेवा. सकाळपर्यंत ते खोलीच्या तापमानाजवळ येतं. समजा, खोली २५ अंशांची आहे. मग ५ मग गार पाण्यात १ मग उकळतं पाणी घाला. पाच वेळा २५ म्हणजे १२५, त्यात १०० मिळवले की २२५, भागिले ६, उत्तर ३७.५. भांडं थोडी उष्णता शोषतं आणि ओतताना थोडी जाते, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी याहून किंचित कमीच भरेल. चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होईल.

खोली २० अंशांची असेल तर साडेतीन मग गार पाण्याला एक मग उकळतं, आणि ३० अंशांची असेल तर आठ मगांना एक. दोन्ही वेळी उत्तर ३८ च्या जवळ येतं. पण गार पाण्याचा अंदाज चुकला तर काय होतं, तेही बघा. तुम्ही २५ धरलं आणि उन्हात तापलेल्या टाकीतून ते ३० अंशांचं आलं, तर पाचास एक या मापाने पाणी पावणेबेचाळीस अंशांवर जातं. म्हणून नळाचं ताजं पाणी या हिशेबात धरू नका. हिशेब कितीही बरोबर आला तरी अंगावर घालण्याआधी कोपर बुडवायचंच.

हे रोज करायची गरज नाही. उकळतं पाणी घेऊन घरात वावरणं हीच मोठी जोखीम आहे, त्यातून बाळ कडेवर असेल तर मुळीच नको. बाळ झोपलेलं असताना एक-दोनदा नुसता सराव म्हणून हे पाणी तयार करा, कोपर बुडवा आणि त्याला कसं लागतं ते लक्षात ठेवा. मग त्यात आणखी थोडं गरम पाणी मिसळून पुन्हा बघा, म्हणजे "जास्त" कसं लागतं तेही कळेल. घरात जे जे कोणी बाळाला किंवा वडिलांना अंघोळ घालतात, त्या प्रत्येकाने हे करावं. एकाचं कोपर दुसऱ्याच्या उपयोगाचं नाही. ज्यांच्या स्वतःच्या हातांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे, त्यांनी पाणी बघण्याचं काम दुसऱ्याकडे द्यावं.

ताप बघायचा थर्मामीटर मात्र बादलीत बुडवू नका. तो ४२ अंशांच्या आसपास संपतो आणि काचेचा पाऱ्याचा असेल तर गरम पाण्यात फुटू शकतो.

रोजचं पाणी मिसळताना आधी गार ओता, मग त्यात गरम. उलट केलं तर काही वेळ तरी बादलीत निव्वळ गरम पाणी असतं आणि अपघात नेमका त्याच वेळात होतो. मग तळापर्यंत हात किंवा मग फिरवून पाणी ढवळा. गरम पाणी वर तरंगतं आणि गार तळाशी राहतं, त्यामुळे न ढवळता वर बघितलेलं पाणी आणि खालचं पाणी दोन वेगळी पाणी असतात. कोपर ढवळल्यानंतर बुडवायचं. बाळ टबमध्ये असताना वरून गरम पाणी ओतू नका, पाणी गार झालं असेल तर बाळाला बाहेर काढा. गीझरच्या नळाखाली बाळाला किंवा वडिलांना थेट धरू नका, कारण नळीत साठलेलं गार पाणी संपलं की मागून एकदम कडक पाणी येतं.

किती अंशाला किती वेळात भाजतं, यावर मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेलं काम आजही आधार मानलं जातं. मोठ्या माणसाच्या कातडीला ४४ अंशांवर इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. पुढे साधारण ५१ अंशांपर्यंत प्रत्येक अंशाला हा वेळ जवळपास निम्मा होत जातो. ४९ अंशांवर तो दहाएक मिनिटांवर येतो आणि ६० अंशांवर पाच सेकंद पुरतात. बरेच गीझर ६० अंशांपर्यंत तापतात. बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते, म्हणून त्याला याहूनही कमी वेळ लागतो आणि ते स्वतः पाण्यातून बाजूला होऊ शकत नाही.

वडिलांना बाजूला होता येतं, पण व्हायचं आहे हे कळतच नाही. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात नसांची जाणीव कमी होते आणि ती पायाच्या बोटांपासून सुरू होते. माझ्या आईचं तेच झालं. पाय दुखतात म्हणून तिने गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडले, तिला ते "सुखाचं" वाटलं आणि ती पंधरा मिनिटं बसून राहिली. मी घरात होते, पाणी तिनेच पायाने बघितलंय म्हणून मी बघितलं नाही. संध्याकाळी दोन्ही पावलांवर फोड होते. एक जखम भरायला अडीच महिने लागले. म्हणून सांगते, वडिलांना पाण्यात पाय घालून अंदाज घेऊ देऊ नका आणि त्यांचं "अजून गरम हवं" हे तापमानाचं माप समजू नका. त्यांना खरंच गार लागतंय, पण ते पायांच्या जाणिवेतून नव्हे.

कडक पाण्याचा दुसरा धोका रक्तदाबाचा. गरम पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि दाब उतरतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तो आणखी उतरतो आणि स्टुलावरून उठताना भोवळ येते. त्यांना बसूनच अंघोळ घाला आणि झाल्यावर मिनिटभर बसू द्या, मग धरून उठवा.

आता त्यांची थंडी. मगाने घेतलेलं पाणी अंगावर पातळ थरात पसरतं आणि लगेच वाळू लागतं, वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. एक मग ओतून साबण लावेपर्यंत अंग गार पडतं, मग पाणी ४२ चं असो की ३८ चं. म्हणून न्हाणीघराची खिडकी अंघोळीच्या दहा मिनिटं आधी लावा, फरशीवर आधी थोडं गरम पाणी ओतून ती ऊबदार करा (वडील आत यायच्या आधी, आणि नंतर ती पुसून घ्या). एका वेळी सगळं अंग भिजवू नका. खांद्यावर कोरडा टॉवेल ठेवून आधी पाय आणि पाठ धुवा, तेवढा भाग पुसून झाका, मग पुढचा. माझ्या आईला शेवटची चार वर्षं मी अशीच ३८ च्या पाण्याने अंघोळ घातली. पहिला आठवडा ती कुरकुरली, नंतर पाण्याबद्दल तिने काही म्हटलं नाही.

अंघोळीनंतर बाळाच्या किंवा वडिलांच्या अंगावर लालसर पट्टे दिसले तर पाणी जास्त होतं. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा फुगीर लागतंय का ते बघा. वडिलांचे तळपाय आणि बोटांमधली जागा रोज बघा. भाजलंच तर कपडे काढा, नळाचं साधं गार पाणी २० मिनिटं सतत सोडा, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. बाळाला कितीही लहान भाग भाजला तरी, आणि वडिलांच्या पायावर एक फोड आला तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.